प्रॉडक्ट कंपनीची जाहिरात समोर ठेवून फ्रंट-एंड रेझ्युमे कसा तपासायचा

पहिली तीन-सव्वातीन वर्षं मी क्लायंटसाठी काम करणाऱ्या कंपनीत होते. तिथून प्रॉडक्ट कंपनीत जायचं ठरवलं आणि एकच रेझ्युमे अकरा ठिकाणी पाठवला. एकाही ठिकाणाहून पहिल्या फेरीचं बोलावणं आलं नाही. मग स्वतः मुलाखती घेणारी एक जुनी सहकारी माझ्यासोबत बसली. तिने एका बाजूला जाहिरात ठेवली, दुसऱ्या बाजूला माझा रेझ्युमे, आणि जाहिरातीच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारत गेली: "हे तू केलंयस, ते इथे कुठे दिसतं?"

पुढे लिहिलेली सगळी पद्धत त्या प्रश्नातून आली आहे. जाहिरातीतले शब्द रेझ्युमेत आहेत की नाहीत, एवढंच जुळवून भागत नाही. जाहिरातीतल्या प्रत्येक मागणीला रेझ्युमेतली एक ओळ सापडली पाहिजे, आणि जमेल तिथे त्या ओळीला उघडून बघता येईल अशी लिंक हवी. उदाहरण म्हणून माझाच तेव्हाचा रेझ्युमे घेते. रेझ्युमे तुम्ही बहुधा इंग्रजीत लिहाल, इथे त्यातला आशय मराठीत देतेय.

## आधी काय जवळ घ्यायचं

- जाहिरातीचा पूर्ण मजकूर, कॉपी करून वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेला
- सध्याचा रेझ्युमे, पीडीएफ आणि मूळ फाइल दोन्ही
- पोर्टफोलिओ, गिटहब आणि प्रत्येक चालू डेमोची लिंक
- कुठल्या प्रोजेक्टवर कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत होतात आणि फ्रेमवर्कची कोणती आवृत्ती होती, याची नोंद
- क्रोम, त्यातलं लाइटहाउस, आणि एक साधासा फोन
- दोन रकाने आखता येतील असा कागद किंवा शीट

## 1. जाहिरात नीट वाचा, विशेषतः कामाचा भाग

बहुतेक जण "आवश्यक कौशल्यं" या यादीवर थेट उडी मारतात. मीही तेच करायचे. प्रॉडक्ट कंपनीच्या जाहिरातीत "तुम्ही काय कराल" हा परिच्छेद जास्त सांगून जातो, कारण तिथे टीमची सध्याची अडचण लिहिलेली असते. आमच्यासमोरच्या जाहिरातीचा गाभा असा होता:

- फ्रंट-एंडचा किमान 3 वर्षांचा अनुभव, रिअ‍ॅक्ट आणि टाइपस्क्रिप्टवर चांगली पकड
- डिझाइन सिस्टिममधले कंपोनंट बनवणं आणि सांभाळणं
- पानांचा वेग मोजून सुधारणं
- अ‍ॅक्सेसिबिलिटीचं भान
- ऑटोमेटेड टेस्ट लिहिण्याची सवय
- नेक्स्ट किंवा ग्राफक्यूएल येत असेल तर उत्तम

कामाच्या परिच्छेदात एक वाक्य होतं: फीचर डिझायनरसोबत आखण्यापासून रिलीझनंतर त्याची देखभाल करण्यापर्यंत तुमच्याकडे असेल. हे वाक्य माझ्या नजरेतून पूर्ण सुटलं होतं. क्लायंटच्या कामात पान बनवायचं, सोपवायचं आणि पुढच्या प्रोजेक्टला लागायचं, त्यामुळे माझ्या रेझ्युमेतली क्रियापदंही तशीच होती: बनवलं, जोडलं, पूर्ण केलं. एखादी गोष्ट वर्षभर सांभाळली, तिच्यातले बग शोधले, जुना कोड न मोडता बदलला, असं कुठेच दिसत नव्हतं. खरं तर एका डॅशबोर्डवर मी सलग चौदा महिने होते, म्हणजे हे सगळं केलं होतं. ते लिहिलं मात्र नव्हतं.

## 2. वर्षांचा आकडा कशाला चिकटलाय ते पाहा

"फ्रंट-एंडची 3 वर्षं, रिअ‍ॅक्टवर चांगली पकड" आणि "रिअ‍ॅक्टची 3 वर्षं" या दोन वेगळ्या मागण्या आहेत. माझा हिशेब असा होता: व्ह्यूवर 2 वर्षं 2 महिने आणि रिअ‍ॅक्टवर 14 महिने, मिळून 3 वर्षं 4 महिने. पहिल्या मागणीत मी सरळ बसत होते, दुसरीत नाही.

इथे एक सापळा आहे. दोन्ही काळ एकत्र करून "रिअ‍ॅक्ट, व्ह्यू: 3+ वर्षं" असं लिहायचा मोह होतो. मी तसंच लिहिलं होतं. वाचणारा खालच्या नोकरीच्या तारखा बघतो, कोणत्या प्रोजेक्टवर काय वापरलं ते बघतो, आणि आकडा जुळला नाही की बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही त्याचा विश्वास उडतो. काळ वेगवेगळाच लिहा, महिन्यांसकट.

## 3. दोन रकाने भरा आणि तीन खुणा करा

डावीकडे जाहिरातीतली मागणी, उजवीकडे रेझ्युमेतली नेमकी ओळ उतरवा. "येतं मला" असं मनात म्हणून पुढे जाऊ नका, ओळ शब्दशः लिहा. मग समोर तीनपैकी एक खूण करा: केलंय आणि दाखवता येतं, केलंय पण दिसत नाही, केलेलं नाही.

माझा कागद भरल्यावर चित्र असं होतं. रिअ‍ॅक्टसमोर ओळ होती, पण सोबतची लिंक एका टू-डू अ‍ॅपची. टाइपस्क्रिप्ट फक्त अठरा नावांच्या कौशल्य-यादीत, वापर कुठे केला ते नाही. डिझाइन सिस्टिमसमोर काहीच नाही, जरी मी डॅशबोर्डसाठी बटण, मोडल, तक्ता असे सामायिक कंपोनंट बनवले होते आणि ते तीन टीम वापरत होत्या. वेगासमोर एक ढोबळ टक्केवारी. अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि ग्राफक्यूएल खरोखरच नव्हतं. टेस्ट होत्या, उल्लेख नव्हता.

म्हणजे सहापैकी चार जागी अडचण लिखाणाची होती, अनुभवाची नव्हती. हा कागद भरण्याचा उपयोग तोच: कुठे वाक्य बदलायचंय आणि कुठे खरोखर शिकायचंय, हे वेगळं होतं. दुसऱ्या खुणेच्या ओळी एका संध्याकाळी दुरुस्त होतात. तिसऱ्या खुणेची ओळ दुरुस्त होत नाही, आणि ते कौशल्य नुसतं यादीत टाकून द्यायचं तर अजिबातच नाही.

## 4. फ्रेमवर्कचा अनुभव आवृत्ती आणि कामासकट लिहा

नुसतं "व्ह्यू" किंवा "अँग्युलर" लिहिलं तर वाचणाऱ्याला फार कमी कळतं. व्ह्यू 2 चा अधिकृत पाठिंबा 31 डिसेंबर 2023 ला संपला, आणि व्ह्यू 3 मध्ये कंपोझिशन एपीआयमुळे कोड लिहायची पद्धतच बदलली. अँग्युलरजेएस आणि नंतरचं अँग्युलर ही तर जवळपास दोन वेगळी फ्रेमवर्क आहेत. रिअ‍ॅक्टमध्ये हुक्स 16.8 या आवृत्तीत, 2019 मध्ये आले. तुमचं सगळं काम क्लास कंपोनंटमधलं असेल तर ते मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत कळणारच. म्हणून आवृत्ती आधीच लिहा.

माझी सुधारलेली ओळ अशी झाली: "रिअ‍ॅक्ट 18 आणि टाइपस्क्रिप्ट, 14 महिने: गोदाम-व्यवस्थापनाचा डॅशबोर्ड. तीन टीम वापरत असलेले 12 सामायिक कंपोनंट बनवले आणि सांभाळले, स्टोरीबुकमध्ये नोंदवले." तिच्याखाली: "व्ह्यू 2, 2 वर्षं 2 महिने: ग्राहकांसाठीची खरेदीची पानं, राउटिंग आणि व्ह्यूएक्समधली स्टेट."

एका फ्रेमवर्कवरून दुसऱ्याकडे येताना कंपोनंटमध्ये विचार करणं, प्रॉप्स, राउटिंग, एपीआयच्या चुका हाताळणं, टेस्ट हे सगळं सोबत येतं. त्यामुळे व्ह्यूचा काळ रेझ्युमेतून काढून टाकू नका. जे सोबत येत नाही त्याची मात्र तयारी ठेवा, कारण मुलाखत घेणारे नेमकं तिथेच बोट ठेवतात. मला विचारलेला प्रश्न सांगते. हा कोड का चालत नाही?

```jsx
items.push(newItem);
setItems(items);
```

व्ह्यू 2 मध्ये `push` केलं की फ्रेमवर्कला बदल कळतो, कारण ते अ‍ॅरेच्या अशा मेथडवर लक्ष ठेवून असतं. रिअ‍ॅक्ट फक्त संदर्भ तोच आहे की वेगळा हे बघतं. अ‍ॅरे तोच असल्यामुळे त्याच्या मते काहीच बदललेलं नाही आणि पान पुन्हा रंगवलं जात नाही. नवा अ‍ॅरे द्यावा लागतो:

```jsx
setItems([...items, newItem]);
```

हे तुम्हाला उमजलंय याची खूण तुमच्या गिटहबवरच्या कोडमध्येही दिसते, आणि न उमजल्याचीही.

टाइपस्क्रिप्टचा दावा असेल तर अर्ज करण्याआधी आपल्या रेपोमध्ये एकदा हे चालवा:

```
grep -rn ": any" src | wc -l
```

आकडा मोठा आला तर वाचणाऱ्याच्या लेखी तो प्रोजेक्ट टाइपस्क्रिप्टचा नाही, फाइलच्या शेवटी `.ts` असलेला जावास्क्रिप्टचा आहे. निदान एपीआयच्या उत्तरांना आणि प्रॉप्सना नीट टाइप द्या.

## 5. वेगाची ओळ: काय मोजलं, कुठे, आणि काय बदललं

माझी मूळ ओळ: "वेबसाइटचा परफॉर्मन्स 40 टक्के सुधारला." सहकारीने विचारलं, कशाचे 40 टक्के? शोधलं तेव्हा लक्षात आलं की लाइटहाउसचा स्कोर 52 वरून 73 झाला होता आणि मी त्याची टक्केवारी काढली होती. स्कोर हा अनेक मापांचा भारित मेळ असतो, त्याच्या टक्केवारीला अर्थ नाही. शिवाय तोच कोड दोनदा तपासला तरी स्कोर थोडा हलतो.

प्रॉडक्ट कंपन्यांत सहसा तीन मापांची भाषा चालते. पानातला सर्वांत मोठा घटक किती वेळात दिसतो ते एलसीपी, जे 2.5 सेकंदांच्या आत हवं. क्लिक किंवा टाइप केल्यावर पान किती लवकर प्रतिसाद देतं ते आयएनपी, 200 मिलिसेकंदांच्या आत. आणि पान उघडं असताना मजकूर अचानक किती उड्या मारतो ते सीएलएस, 0.1 च्या आत. हे निकष खऱ्या वापरकर्त्यांच्या भेटींवर, 75 व्या पर्सेंटाइलला बघतात. म्हणजे चारपैकी तीन भेटींत तरी आकडा त्या मर्यादेत हवा.

मी जुन्या नोंदी काढल्या. खरेदीच्या पानावर वरचं मोठं चित्र उशिरा येत होतं, कारण सगळ्या चित्रांना सरसकट `loading="lazy"` लावलेलं होतं. खालच्या चित्रांना ते योग्यच. पण पान उघडताच दिसणाऱ्या चित्राला लावलं तर ब्राउझर ते मागवायलाच उशीर करतो. बदल एवढाच होता:

```html
<img src="banner.webp" width="1200" height="600"
     fetchpriority="high" alt="नव्या वस्तूंची मांडणी">
```

`width` आणि `height` दिल्यामुळे ब्राउझर जागा आधीच राखून ठेवतो आणि खालचा मजकूर उडी मारत नाही. रेझ्युमेत ओळ झाली: "खरेदीच्या मुख्य पानावर मोबाइल एलसीपी 4.2 वरून 2.4 सेकंदांवर आणला (लाइटहाउस, पाच चाचण्यांचा मध्यक). वरच्या चित्राचं लेझी लोडिंग काढून आणि चित्रांची मापं देऊन." आकडा प्रयोगशाळेतला आहे हे ओळीतच लिहिलंय, म्हणजे तो खऱ्या वापरकर्त्यांचा आहे असा गैरसमज होत नाही. आयएनपी मात्र लाइटहाउसच्या नेहमीच्या पान-लोड चाचणीत मोजलं जात नाही, कारण तिथे कोणी क्लिकच करत नसतं. लाइटहाउसच्या भरवशावर आयएनपी सुधारल्याचं लिहिलंत तर जाणकाराला ते लगेच खटकतं.

जुन्या कंपनीतले आकडे तुमच्याकडे उरले नसतील तर अंदाजाने आकडा लिहू नका. पोर्टफोलिओतल्या एका प्रोजेक्टवर हीच मोजणी करा, आधीचं आणि नंतरचं रेपोच्या `README.md` मध्ये नोंदवा, आणि रेझ्युमेत तो प्रोजेक्ट दाखवा.

## 6. पोर्टफोलिओच्या लिंक परक्या माणसासारख्या उघडा

हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. माझ्या पाच लिंकपैकी दोन नीट चालत नव्हत्या आणि मला पत्ताच नव्हता, कारण माझ्या ब्राउझरमध्ये जुनं लॉगिन आणि कॅश होतं.

इनकॉग्निटो खिडकी उघडा आणि पीडीएफमधल्या लिंकवरूनच जा, बुकमार्कवरून नको. मग फोनवर, वायफाय बंद करून, तेच करा. मला जे सापडलं ते अनेकांना सापडतं. पहिला डेमो गिटहब पेजेसवर होता. मुख्य पान उघडायचं, पण आतल्या पानावर रिफ्रेश केलं की 404. राउटिंग ब्राउझरमध्ये होत होतं, सर्व्हरवर त्या नावाची फाइलच नव्हती. `HashRouter` वापरून ते सुटलं. दुसऱ्या डेमोचं बॅक-एंड फुकटच्या होस्टिंगवर होतं. काही वेळ कोणी आलं नाही की ते झोपी जायचं आणि पहिल्या विनंतीचं उत्तर येईपर्यंत पांढरं पान दिसायचं. वाचणारा तेवढा थांबत नाही. मी तिथे नमुन्याचा डेटा थेट प्रोजेक्टमध्येच ठेवला. लॉगिन लागणारा डेमो असेल तर "पाहुणा म्हणून बघा" असं एक बटण द्या.

पाच प्रोजेक्टपैकी टू-डू, हवामान आणि एका प्रसिद्ध साइटची नक्कल हे तीन मी काढून टाकले. शिकताना ते सगळेच करतात, आणि त्यातून तुमचा स्वतःचा निर्णय दिसत नाही. उरलेल्या दोनांना प्रत्येकी एक छोटं टिपण जोडलं: अडचण काय होती, कोणते दोन मार्ग होते, मी कोणता घेतला आणि त्यात काय गमावलं. प्रॉडक्ट कंपनीच्या मुलाखतीत सर्वांत जास्त वेळ या शेवटच्या भागावर जातो. नोकरीतला कोड गोपनीय असेल तर त्याचे स्क्रीनशॉट टाकू नका. सामायिक मोडल कसा रचला, हे त्याच कल्पनेवर स्वतः नव्याने लिहिलेल्या कोडमधून दाखवा.

अ‍ॅक्सेसिबिलिटीची माझी रिकामी जागा मी इथेच भरली. माउस बाजूला ठेवला आणि स्वतःचा मोडल फक्त कीबोर्डवर चालवून पाहिला. मोडल उघडल्यावर टॅब दाबलं तर फोकस मागच्या पानावरच फिरत होता, एस्केपने काही होत नव्हतं, आणि बंद केल्यावर फोकस पानाच्या सुरुवातीला जात होता. `<dialog>` हा एचटीएमएलचा घटक `showModal()` ने उघडला की मागचं पान निष्क्रिय होतं, एस्केप चालतं, आणि बंद केल्यावर फोकस आधीच्या बटणावर परततो. दोन दिवस लागले. मग त्या प्रोजेक्टच्या ओळीत "मोडल आणि फॉर्म पूर्णपणे कीबोर्डवर चालतात" एवढंच लिहिलं. "डब्ल्यूसीएजी तज्ज्ञ" असं काही लिहिलं नाही.

गिटहबच्या प्रोफाइलवर सहा रेपो पिन करता येतात, पण सहाही भरायलाच हवेत असं नाही. रेझ्युमेतले दोन पिन केले तरी पुरे.

## 7. पीडीएफमधून मजकूर काढून बघा

अनेक कंपन्यांत रेझ्युमे आधी सॉफ्टवेअरमधून जातो आणि ते त्यातला मजकूर उचलून घेतं. तुमच्या पीडीएफमधून काय उचललं जातं ते असं दिसतं:

```
pdftotext resume.pdf -
```

हे साधन नसेल तर पीडीएफमधलं सगळं निवडून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. माझ्या दोन रकान्यांच्या सुंदर रेझ्युमेत डावीकडची कौशल्यं उजवीकडच्या नोकरीच्या वाक्यांमध्ये घुसली होती, आणि कौशल्यांसमोरच्या ठिपक्यांच्या पट्ट्या पूर्ण गायब. आयकॉनमागे लपवलेल्या गिटहबच्या लिंकही नव्हत्या. एकाच रकान्यात मांडणी करा आणि लिंकचा पत्ता अक्षरांत लिहा, म्हणजे कागदावर छापला तरी तो वाचता येतो.

## 8. अर्ज करायचा की थांबायचं

कागदावर परत या. पहिल्या दोन ओळींतल्या मुख्य मागण्या "केलंय" या बाजूला असतील तर अर्ज करा, बाकी एखाद-दोन रिकाम्या असल्या तरी. "असेल तर उत्तम" या भागासाठी थांबू नका. ग्राफक्यूएल मी तसंच रिकामं सोडलं. पण मुख्य फ्रेमवर्कच तिसऱ्या खुणेत असेल तर ती जाहिरात बाजूला ठेवून त्या फ्रेमवर्कमध्ये एक प्रोजेक्ट नीट पुरा करणं जास्त फायद्याचं.

"रिअ‍ॅक्टची 3 वर्षं" मागणाऱ्या एका ठिकाणीही मी अर्ज केला. वरच्या दोन वाक्यांच्या परिचयात साफ लिहिलं होतं: रिअ‍ॅक्ट 14 महिने, त्याआधी व्ह्यू. तिथून बोलावणं आलं, आणि फोनवर पहिलाच प्रश्न व्ह्यूमधून येताना काय अवघड गेलं हा होता. मी वरचं `push` चं उदाहरण सांगितलं.

अर्ज पाठवल्यावर जाहिरातीची प्रत, पाठवलेली पीडीएफ आणि दोन रकान्यांचा कागद एकाच फोल्डरमध्ये तारीख घालून ठेवा. भरती थांबली की जाहिरातीचं पान बरेचदा काढून टाकतात, आणि फोन त्यानंतर तीन आठवड्यांनीही येऊ शकतो. तेव्हा आपण नेमकं काय लिहून पाठवलं होतं, ते समोर असायला हवं.